अडकलेल्या फाइलमागचे चार किलोबाइट

जुन्या हार्ड डिस्कवरून नव्या डिस्कवर एखादा मोठा फोल्डर कॉपी करायला लावलेला असतो. हिरवी पट्टी निम्म्यापर्यंत सुरळीत सरकते, मग वेग घसरत घसरत शून्यावर येतो, आणि थोड्या वेळाने विंडोज पाटी दाखवतं: `Error 0x80070017: Data error (cyclic redundancy check)`. खाली तीन बटणं असतात, `Try Again`, `Skip` आणि `Cancel`. बहुतेक माणसं पहिलं बटण पाच-दहा वेळा दाबतात. मग कुणीतरी चेकडिस्क चालवायला सांगतं आणि रात्रभर ते चालतं. शेवटी डिस्क दुकानात जाते आणि फॉरमॅट होऊन परत येते. या सगळ्या प्रवासात जे गमावलं जातं, त्यातलं फारच थोडं त्या पहिल्या पाटीच्या वेळी गेलेलं असतं. पाटी आली त्या क्षणी प्रत्यक्षात अडलेला तुकडा बहुधा चार किलोबाइटचा असतो.

साताऱ्याकडच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरची एक टीबीची पोर्टेबल डिस्क मी अशा अवस्थेत पाहिली आहे. काही हंगामांचे फोटो आणि व्हिडिओ तिच्यावर होते, आणि तेवढी एकच प्रत होती. एका व्हिडिओपाशी कॉपी अडत होती. लेखात पुढे हीच डिस्क उदाहरणाला घेतो, कारण नुकसान मोजायचं कसं आणि उरलेलं काढायचं कसं हे तिच्यावरून नीट दाखवता येतं.

आधी पाटीचा अर्थ. शाळेत गुणाकार बरोबर आला की नाही हे पाहायला नवाचा ताळा करायला शिकवत. ७३४६ या संख्येतले अंक मिळवले तर २० येतात, म्हणजे नवाने भागल्यावर बाकी २. संख्येशेजारी ही बाकी लिहून ठेवली आणि पुढे कुणी चुकून ७४४६ वाचलं, तर बाकी ३ येईल आणि चूक पकडली जाईल. मात्र ७४३६ वाचलं तर बाकी पुन्हा २ येते आणि चूक निसटते. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन या अमेरिकन गणितज्ञाने १९६१ मध्ये मांडलेली सायक्लिक रिडंडन्सी चेक, म्हणजेच सीआरसी, ही पद्धतही बाकीवरच उभी आहे. तिथे भागाकार शून्य आणि एक यांच्या लांबलचक ओळीचा असतो, हातचा न घेता केलेला, आणि भाजक असा निवडलेला असतो की आकड्यांची अदलाबदल किंवा सलग काही बिट बिघडणं सहसा निसटू नये. सोळा बिटांची सीआरसी असेल तर सलग सोळा बिटांपर्यंतचा कुठलाही बिघाड ती हमखास पकडते. पण ताळ्याची मर्यादा तिलाही आहे. चूक झाली एवढं ती सांगते, मुळात काय लिहिलं होतं ते सांगत नाही.

फ्लॉपीच्या काळात हा ताळा थेट वापरात होता. प्रत्येक सेक्टरपाठोपाठ सोळा बिटांची सीआरसी लिहिलेली असे आणि ती जुळली नाही की डॉस `Abort, Retry, Fail?` विचारून थांबत असे. विंडोजच्या चुकांच्या यादीत ही चूक २३ व्या क्रमांकावर आहे. वर दिलेल्या कोडच्या शेवटी असलेले १७ हे सोळाच्या पद्धतीने लिहिलेले २३ आहेत. पाटीवरचं नाव त्या काळापासून तसंच राहिलं, आतली यंत्रणा मात्र बदलली. आजच्या हार्ड डिस्कवर ४०९६ बाइटांच्या प्रत्येक सेक्टरला सुमारे १०० बाइटांची जोड असते. ही जोड चूक पकडते आणि बरीचशी दुरुस्तही करते. धडधाकट डिस्कसुद्धा वाचताना सतत अशा बारीक चुका दुरुस्त करत असते, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून ती पाटी येते तेव्हा बरंच काही आधीच घडून गेलेलं असतं. डिस्कने तो सेक्टर वाचला, दुरुस्तीच्या पलीकडचा निघाला, हेड किंचित इकडे-तिकडे सरकवून पुन्हा वाचला, पुन्हा पुन्हा वाचला, आणि अखेर वाचता येत नाही असं विंडोजला कळवलं. पट्टी थबकते आणि वेग शून्यावर येतो तो याच काळात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ४०९६ बाइटांतले काही थोडेच बिघडलेले असले तरी डिस्क अर्धामुर्धा सेक्टर देत नाही, पूर्ण देते किंवा नाकारते. तिच्या बाजूने हे योग्यच आहे, खात्री नसलेला मजकूर खरा म्हणून देण्यापेक्षा नकार बरा. पण त्यापुढे विंडोज आणखी एक पाऊल टाकतं. एक सेक्टर मिळाला नाही म्हणून ते अख्ख्या फाइलची कॉपी सोडून देतं आणि नव्या डिस्कवर तयार होत असलेली अर्धी फाइलही काढून टाकतं. चार जीबीच्या व्हिडिओतले चार किलोबाइट अडले आणि आपल्या हाती शून्य आलं. डिस्कचा नकार एका सेक्टरपुरता आहे, अख्ख्या फाइलचा नकार हा कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. उरलेलं काढण्याची सगळी रीत या फरकावर आधारलेली आहे.

त्याआधी दोष खरोखर डिस्कच्या तबकडीवर आहे का, हे पाहून घ्यावं. पोर्टेबल डिस्कची केबल सैल असते, पुढचं यूएसबी पोर्ट पुरेशी वीज देत नाही, आणि कॉपी अडते. ओळखायची साधी खूण अशी, की तबकडीवरचा दोष जागा बदलत नाही. तीच फाइल, साधारण त्याच टक्क्यावर, दर वेळी अडते. आज या फाइलपाशी, उद्या त्या फाइलपाशी, मध्येच डिस्क गायब होऊन परत दिसू लागणं, असं असेल तर आधी केबल बदलावी आणि डेस्कटॉपच्या मागच्या बाजूचं पोर्ट वापरावं. हे तपासायला एक-दोन प्रयत्न पुरेत. त्यापुढे `Try Again` दाबत राहणं म्हणजे दुखऱ्या जागेवर हेड पुन्हा पुन्हा घासायला लावणं आहे.

दुसरा पुरावा डिस्क स्वतःच लिहून ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम उघडला की डिस्कच्या आतली नोंदवही दिसते. तिच्यातल्या सगळ्या ओळी वाचायची गरज नाही, तीन पुरतात. `C5`, म्हणजे `Current Pending Sector Count`, ही न वाचता आलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या सेक्टरांची संख्या. `05` म्हणजे कायमचे बाद करून राखीव जागेवर हलवलेले सेक्टर. आणि `C7`, म्हणजे `UltraDMA CRC Error Count`. या तिसऱ्या ओळीत सीआरसी हे नाव असल्याने गोंधळ होतो. पण ती चूक तबकडीवरची नाही, डिस्क आणि संगणक यांच्यामधल्या वाटेवरची आहे. तीच वाढत असेल तर केबलकडे पाहावं. हा प्रोग्रॅम आकडे मूळ रूपात सोळाच्या पद्धतीने दाखवतो, तेव्हा घाबरण्यापूर्वी किंवा निर्धास्त होण्यापूर्वी ते दशमान करून घ्यावेत.

फोटोग्राफरच्या डिस्कवर `C7` शून्य होता, `05` शून्य होता आणि `C5` समोर ५८ दिसत होते, म्हणजे दशमानात ८८. ही डिस्क मोजदाद जुन्या ५१२ बाइटांच्या सेक्टरने करते आणि तिचा खरा सेक्टर ४०९६ बाइटांचा, म्हणजे त्याच्या आठपट आहे. ८८ ला आठाने भागलं की अकरा. एक टीबीच्या डिस्कवर अकरा जागा अडत होत्या, निदान तिला स्वतःला तोवर माहीत असलेल्या.

अशा वेळी चेकडिस्क चालवावं का? `chkdsk /r` हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. चेकडिस्कचं काम फाइलसिस्टिम पुन्हा वापरण्याजोगी करणं हे आहे, आपल्या फाइली वाचवणं हे नाही. ते खराब जागा बाद करतं, तिथला न वाचलेला मजकूर सोडून देतं, आणि फोल्डरांची नोंदच बिघडलेली असेल तर फाइलींचे तुकडे `FOUND.000` मध्ये `FILE0000.CHK` अशा नावांनी टाकतं. हे सगळं ते त्याच आजारी डिस्कवर लिहून करतं, आणि त्यासाठी सगळी डिस्क वाचत तिला तासन्‌तास राबवतं. बिघडलेल्या डिस्कवर काहीही लिहू नये, हा पहिला नियम मी मानतो. विंडोजने जोडताक्षणी `Scan and fix` विचारलं किंवा डिस्क फॉरमॅट करू का म्हणून विचारलं, तर दोन्ही वेळा नकार द्यावा. चेकडिस्कला जागा आहे, पण ती शेवटी, प्रतीवर.

डिस्कवर खरोखर मोलाचे एक-दोन फोल्डर असतील आणि ते नेमके कुठे आहेत हे माहीत असेल, तर आधी तेवढे उचलून घ्यावेत. त्याला विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी बरी पडते.

```
robocopy E:\Photos D:\Photos /E /R:1 /W:1 /LOG:D:\log.txt
```

यातले `/R:1` आणि `/W:1` विसरू नयेत. एरवी रोबोकॉपी अडलेल्या फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि प्रत्येक प्रयत्नाआधी तीस सेकंद थांबते. असं लिहिलं की एकदाच पुन्हा पाहून ती पुढच्या फाइलकडे जाते. शेवटी `log.txt` उघडली की `ERROR 23` पुढे अडलेल्या फाइलींची नावं मिळतात. पण अडलेल्या फाइली इथेही पूर्णच सुटतात, आणि फाइली डिस्कभर विखुरलेल्या असल्याने हेडची धावपळ होते. म्हणून सगळी डिस्क वाचवायची असेल तर मी या वाटेने फार पुढे जात नाही.

मुख्य काम ग्नू डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमचं. अँटोनिओ डियाझ डियाझ यांनी लिहिलेला हा मोफत प्रोग्रॅम फाइली, फोल्डर असलं काही जाणतच नाही. डिस्कच्या पहिल्या बाइटापासून शेवटच्या बाइटापर्यंत जे वाचता येईल ते तो नव्या डिस्कवर एका मोठ्या फाइलमध्ये, म्हणजे इमेजमध्ये, जागच्या जागी लिहितो. अवघड जागा आली की तिथे अडून बसत नाही, उडी मारून पुढे जातो आणि कुठे उडी मारली ते नकाशाच्या फाइलमध्ये नोंदवून ठेवतो. सोपं सगळं हाती आल्यावर तो मागे सोडलेल्या जागांकडे वळतो, त्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी कुरतडत आणतो, आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर करून पाहतो. डिस्क मध्येच मेली तर तोवर बहुतेक माल हाती आलेला असावा, असा हा क्रम आहे. विंडोजची कॉपी नेमकी उलट वागते, अवघड जागेवर डिस्कची उरलीसुरली ताकद खर्च करते आणि मागची सोपी रांग तशीच राहते.

डीडीरेस्क्यू लिनक्सवर चालतो. लिनक्स इन्स्टॉल करावं लागत नाही. सिस्टिमरेस्क्यू नावाची मोफत लिनक्स पेन ड्राइव्हवर टाकून संगणक तिच्यावरून सुरू केला की हा प्रोग्रॅम आत तयार असतो. नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी हवी, एक टीबीसाठी दोन टीबीची घ्यावी. ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नसावी, कारण त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. जुनी डिस्क नुसती जोडायची, उघडून पाहायची नाही. मग कुठली डिस्क कोणती हे आकार आणि मॉडेलवरून ओळखायचं. खालच्या ओळींत जुनी डिस्क `/dev/sdb` आहे आणि नवी `/mnt/navi` इथे जोडलेली आहे असं धरलं आहे.

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL
sudo ddrescue -d -n /dev/sdb /mnt/navi/disk.img /mnt/navi/disk.map
```

`-n` म्हणजे अवघड जागा एकेक सेक्टर करून कुरतडण्याचं काम या फेरीत नको. `-d` म्हणजे लिनक्सच्या मधल्या साठ्यातून न जाता थेट डिस्ककडून वाच. पडद्यावर `rescued`, `bad areas`, `pct rescued` असे आकडे हलत राहतात. फोटोग्राफरच्या डिस्कची ही फेरी चारेक तासांत संपली आणि सुमारे तीन एमबी सोडून सगळं आलं. मग दुसरी फेरी, तोच नकाशा देऊन:

```
sudo ddrescue -d -r3 /dev/sdb /mnt/navi/disk.img /mnt/navi/disk.map
```

नकाशा तोच असल्याने प्रोग्रॅम फक्त सोडलेल्या जागांकडे जातो, आणि `-r3` मुळे शेवटी न मिळालेल्या सेक्टरांवर आणखी तीन वेळा प्रयत्न करतो. तीन एमबींसाठी ही फेरी रात्रभर चालली. पहिल्या फेरीतला जवळजवळ सगळा एक टीबी चार तासांत येतो आणि उरलेल्या चिमूटभरासाठी रात्र जाते, हे प्रमाण पाहिलं की क्रमाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. सकाळी ६९,६३२ बाइट मिळायचे राहिले होते. ४०९६ ने भागलं की सतरा सेक्टर. सुरुवातीला डिस्कला अकराच ठाऊक होते, कारण उरलेल्या सहा जागांकडे बऱ्याच काळात कुणी फिरकलंच नव्हतं. `C5` पुन्हा पाहिला तेव्हा तोही १३६ झालेला होता, सतराच्या आठपट. डिस्कची नोंदवही तिने जेवढं वाचलं तेवढंच सांगते, हे इथे दिसतं.

आता जुनी डिस्क काढून ठेवायची आणि सगळं काम इमेजवर करायचं. पण सतरा सेक्टर कुठल्या फाइलींत होते हे कसं कळणार? इमेजमध्ये त्या जागा नुसत्या कोऱ्या आहेत, आणि कोरी जागा धडधाकट फाइलीतही असू शकते. इथे डीडीरेस्क्यूची एक सोय फार कामाची आहे. नकाशावर जिथे खराब म्हणून नोंद आहे तेवढ्याच जागांत तो आपण दिलेली खूण भरून देतो.

```
cd /mnt/navi
printf "BAD-SECTOR " > khoon
sudo ddrescue --fill-mode=- khoon disk.img disk.map
sudo losetup -r -P -f --show disk.img
sudo mkdir -p /mnt/pahu
sudo mount -o ro /dev/loop0p1 /mnt/pahu
sudo grep -rl "BAD-SECTOR" /mnt/pahu
```

चौथी ओळ इमेजला डिस्कसारखं जोडते आणि तिला मिळालेलं नाव छापते. ते `/dev/loop0` नसेल, किंवा आपला भाग पहिला नसेल, तर सहाव्या ओळीत तसा बदल करावा. शेवटची ओळ सगळ्या फाइली चाळून जिच्यात खूण सापडेल तिचं नाव देते. जोडणी फक्त वाचण्यापुरती आहे, म्हणून इथे चुकून काही पुसलं जाण्याची भीती नाही.

यादीत चार नावं आली. एक व्हिडिओ आणि तीन फोटो. व्हिडिओत नऊ सेक्टर होते, तेही लागोपाठ, तीन फोटोंत एकेक, आणि उरलेले पाच डिस्कच्या रिकाम्या जागेत, म्हणजे तिथे कुणाचंच काही नव्हतं. एक टीबीच्या डिस्कची हानी चार फाइलींवर आली, आणि त्या चारही फाइली अपंग का होईना हातात होत्या. एरवी विंडोजने त्या दिल्याच नसत्या.

खूण भरलेल्या फाइली उघडण्याआधी त्या जागा पुन्हा कोऱ्या कराव्यात. जोडणी सोडून, वरच्याच तिसऱ्या आज्ञेत `khoon` च्या जागी `/dev/zero` लिहिलं की ते होतं. मग फाइलीचा प्रकार काय यावर नुकसान ठरतं. व्हिडिओतल्या नऊ सेक्टरांचे मिळून ३६ किलोबाइट होतात. त्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओत सेकंदाला सुमारे तीन एमबी असतात, म्हणजे गेलेला मजकूर सेकंदाच्या एका शतांशाइतका. पण व्हिडिओत पूर्ण चित्र अधूनमधून येतं आणि मधली चित्रं आधीच्या चित्रावर अवलंबून असतात, त्यामुळे पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत, अर्धाएक सेकंद, पडद्यावर चौकटी उमटल्या आणि मग सगळं पूर्ववत झालं. मंगलाष्टकांचा आवाज तेवढ्यापुरता तुटला. एमपी४ फाइलीत मात्र एक नाजूक जागा असते. व्हिडिओतलं काय कुठे आहे याची अनुक्रमणिका तिच्यात एकाच ठिकाणी असते, आणि खराब सेक्टर नेमका तिथे आला तर सगळा व्हिडिओ असूनही तो उघडत नाही. त्यावर दुरुस्तीचे प्रोग्रॅम आहेत, त्यांना बहुधा त्याच कॅमेऱ्याची एक चांगली फाइल नमुन्याला द्यावी लागते.

जेपीईजी फोटोचं दुखणं वेगळं. त्यात प्रत्येक तुकड्याचा अर्थ आधीच्या तुकड्यांवरून लागतो, म्हणून खराब जागेच्या वरचा भाग स्वच्छ आणि खालचा सरकलेला, रंग बदललेला किंवा करडा दिसतो. तीनपैकी दोन फोटोंत खराब जागा शेवटाकडे होती आणि वरचे चेहरे शाबूत होते, तेवढा भाग कापून ठेवता आला. तिसरा सुरुवातीलाच बिघडला होता आणि तो गेला. साध्या मजकुराच्या फाइलीत एका सेक्टरमागे ४०९६ बाइट जातात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने हा साधारण १३६५ चिन्हांचा मजकूर झाला, आणि आधीचा व नंतरचा मजकूर जसाच्या तसा राहतो. वर्डची डॉकएक्स फाइल मात्र मुळात दाबून बांधलेली झिप असते, तिथे थोडक्यात जास्त बिघडतं.

हे सगळं घरी करण्याजोगं कधी नाही, तेही सांगायला हवं. डिस्कमधून टकटक असा ठेक्याने आवाज येत असेल, ती फिरतच नसेल, किंवा तिचा आकार भलताच दिसत असेल, तर सॉफ्टवेअरने काही होणार नाही. पहिली फेरी चालू असताना वेग काही किलोबाइटांवर येऊन तिथेच राहिला, किंवा वाचता येणारे आणि न येणारे पट्टे आलटून पालटून डिस्कभर दिसू लागले, तर एखादं हेड जात असल्याची ती खूण असते. तिथे हात आवरावा आणि डिस्क बंद करावी. हेड बदलायचं काम धूळमुक्त खोलीतलं आहे, ते करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि त्यांचा खर्च मोठा असतो. घरी डिस्कचं झाकण उघडलं तर तबकडीवर धूळ बसते आणि त्यांचंही काम अवघड होतं. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना उपाय आजही ऐकू येतो. बाहेर काढल्यावर थंड तबकड्यांवर दमट हवेचं पाणी धरतं आणि त्यावरून हेड फिरतं. तो करू नये. दुकानात डिस्क देताना डेटा काढणार की डिस्क दुरुस्त करणार हे आधी विचारावं. दुसऱ्याचा अर्थ बहुतेकदा फॉरमॅट असतो.

पेन ड्राइव्ह आणि एसएसडीवर हीच पाटी येते तेव्हा कारण पेशींतला विद्युतभार झिरपलेला असणं हे असतं. रीत तीच, फक्त तिथे आवाजासारखी आगाऊ खूण मिळत नाही आणि सगळं एकदम बंद पडण्याचा धोका अधिक, म्हणून पहिली फेरी लगेच करावी. सीडी-डीव्हीडीचं मात्र एक वेगळं भाग्य आहे. तीच सीडी एका ड्राइव्हला न वाचता आलेल्या जागी दुसऱ्या ड्राइव्हला वाचता येते, आणि नकाशाच्या फाइलमुळे दोघांचं काम एकत्र जोडता येतं. आधी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. मग `-b2048` हा पर्याय देऊन एका ड्राइव्हवर काढावी, आणि राहिलेल्या जागांसाठी त्याच इमेजवर, तोच नकाशा देऊन, दुसऱ्या संगणकाचा ड्राइव्ह वापरावा. लग्नाच्या जुन्या डीव्हीडी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे आवर्जून करून पाहावं.

राहिला प्रश्न जुन्या डिस्कचा. खराब सेक्टरवर नव्याने काही लिहिलं की डिस्क तो तपासते. लिहिलेलं नीट वाचता आलं तर सेक्टर चांगला ठरतो, नाही तर राखीव जागेवर हलवला जातो. दोन्हींत `C5` चा आकडा उतरतो. पूर्ण फॉरमॅट केल्यावर डिस्क "दुरुस्त" होऊन येते ती अशी, आणि प्रोग्रॅम तिला पुन्हा निळा `Good` शेराही देऊ शकतो. त्या शेऱ्यावर मी विसंबणार नाही. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तपासणीत पहिला खराब सेक्टर सापडल्यानंतरच्या साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, असा सेक्टर न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचं त्यांना आढळलं. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी अशा महत्त्वाच्या नोंदींपैकी एकही आधी दाखवली नव्हती, हेही नमूद आहे. म्हणजे नोंदवही वाईट सांगत असेल तर मानावं, चांगलं सांगत असेल तर तेवढ्यावर दुसरी प्रत टाळू नये.

फोटोग्राफरने ती डिस्क फॉरमॅट केली नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. इमेजमधल्या फाइली दोन डिस्कांवर उतरवून, मोठे व्हिडिओ चालवून पाहून होईपर्यंत जुनी डिस्क, इमेज आणि नकाशा तिन्ही ठेवावेत. न मिळालेल्या सतरा सेक्टरांपैकी एखाद्यासाठी पुढे प्रयोगशाळेत जावंसं वाटलं, तर डिस्कवरची नेमकी कुठली जागा हवी आहे हे नकाशात लिहिलेलं आहे.